बाळंतपणाच्या रजेचा अर्ज : एक आढावा

खाजगी कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून बाळंतपणाच्या रजेसाठी जे अर्ज मनुष्यबळ विभागाकडे येतात, त्यांचा मजकूर लक्षपूर्वक वाचीत गेले असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते, ती ही की, ज्या रजेचा हक्क कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत दिलेला आहे तिची तेथे कळवळून याचना केलेली असते, आणि ज्या गोष्टींची कायद्याने कधी अपेक्षाही केलेली नाही त्यांची हमी मात्र मुक्तहस्ताने दिलेली असते. ‘रजेच्या काळातही मी फोनवर उपलब्ध राहीन’, ‘शक्य झाल्यास मुदतीपूर्वीच हजर होईन’, ‘माझ्यामुळे कामाचा खोळंबा होऊ देणार नाही’ अशी वाक्ये लिहिणाऱ्या स्त्रीला ती कोणी सांगितलेली नसतात. आपण संस्थेवर काही भार टाकीत आहोत या संकोचातून ती आपोआप लेखणीतून उतरतात. हा संकोच कोठून आला, अर्जात खरोखर काय असावयास हवे, आणि तारीख, कामाची सोपवणूक व परत रुजू होण्याचा इरादा या तीन बाबींचे परस्परांशी नाते कसे राखावे, याचा सलग विचार व्हावा एवढ्यासाठी हा आढावा घेतला आहे.

संकोचाचे मूळ व्यक्तीच्या स्वभावात नसून या कायद्याच्या घडणीत आहे, असे माझे मत आहे. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक कायदे कौन्सिलापुढे आले तेव्हा, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला, आणि तो देताना प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असल्याने या खर्चाचा बराचसा भार वास्तविक सरकारने उचलावयास हवा, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले. मात्र सरकार तो उचलीत नाही म्हणून स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकाला त्यातून मोकळे सोडावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला आणि त्यात भार मालकावरच आला. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळीवरील बंदी, यंत्रसामग्रीतील फेरफार, पुरुष कामगारांची मुबलकता अशी अनेक कारणे होती, पण प्रत्येक स्त्री कामगार म्हणजे मालकाच्या खिशाला एक संभाव्य खर्च, ही दृष्टी तेव्हापासून पगारपत्रके करणाऱ्यांच्या मनात रुजली ती अद्याप पुरती गेलेली नाही.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने या दोषावर उपाय सुचविला होता. जेथे ही योजना लागू आहे आणि वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे, तेथे मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून भत्ता मिळतो, आणि म्हणून एखादी कामगार स्त्री बाळंतपणास गेली तर तिच्या मालकाच्या त्या महिन्याच्या खर्चात वेगळी भर पडत नाही. त्या मर्यादेच्या वरच्या स्त्रियांसाठी मात्र १९६१ चा प्रसूती लाभ कायदा राहिला. त्याची बारा आठवड्यांची मुदत १ एप्रिल २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची झाली, आणि वाढलेल्या चौदा आठवड्यांचा पगारही एकट्या मालकानेच द्यावयाचा ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून या तरतुदी आता बहुतांशी जशाच्या तशा तिच्यात आल्या आहेत; खर्चाची व्यवस्था तीच आहे. अर्ज लिहिणाऱ्या स्त्रीला जो संकोच वाटतो तो या व्यवस्थेचा पडसाद आहे, आणि अर्जाचा मसुदा नीट केल्याने ती व्यवस्था बदलत नसली तरी तिचा अन्याय्य भाग स्वतःच्या लेखणीने वाढविण्याचे तरी टळते.

कायद्याची अपेक्षा पाहू गेले तर ती फार थोडी आहे. स्त्रीने लेखी सूचना द्यावी. तीत आपण कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणार ते सांगावे. भत्ता स्वतःस किंवा आपण नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीस द्यावा असे म्हणावे. आणि भत्त्याच्या काळात कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही असे लिहून द्यावे. सोबत गरोदरपणाचा डॉक्टरी दाखला जोडावा. एवढे झाले की तिला जाऊ देणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. मंजुरी नाकारण्याचा पर्याय त्याच्यापाशी उरत नाही. ही सूचना प्रसूतीपूर्वी देता आली नाही तर नंतर शक्य तितक्या लवकर देता येते, आणि ती मुळीच दिली गेली नाही एवढ्याच कारणाने हक्क बुडत नाही. पात्रतेची अट एकच, की अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ऐंशी दिवस काम झालेले असावे. जिला दोन किंवा अधिक अपत्ये हयात आहेत तिला सव्वीसाऐवजी बारा आठवडे मिळतात, म्हणून हयात अपत्यांची संख्या अर्जात लिहिणे इष्ट. पतीच्या पहिल्या विवाहातील मुलांची गणना करून रजा नाकारण्याचा एक प्रकार सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २०२२ साली न्यायालयाने तो नकार रद्द ठरविला.

कंत्राटी नोकरीत असलेल्या स्त्रियांचा समज असा असतो की, करारनाम्याची मुदत संपली की रजाही संपली. दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयात कराराने काम करणाऱ्या डॉक्टरबाईंना हाच न्याय लावून, मुदतीचे जे अकरा दिवस उरले होते तेवढीच रजा देण्यात आली होती. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पात्रतेची अट एकदा पुरी झाली की लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही चालू राहतो. त्याआधी २००० साली, दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या प्रकरणात, हजेरीपटावरील मजूर स्त्रियांनाही हा लाभ आहे हे ठरून गेलेलेच होते. तेव्हा आपण कायम नाही, सबब आपला अर्ज सौम्य असावा, असे कोणी मानण्याचे कारण नाही.

आता तारखेकडे वळू, कारण अर्जातील सर्वाधिक घोटाळे तिच्याभोवती होतात. त्यासाठी एक कल्पित प्रकरण घेऊन ते तारीखवार चालवून पाहणे सोयीचे होईल. पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी कारखान्याच्या लेखा विभागात एक बाई वरिष्ठ लेखापाल आहेत. पहिलीच खेप आहे. पगार राज्य विम्याच्या मर्यादेच्या वर आहे. आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ५ जानेवारी २०२६ हा आहे. प्रसूतिशास्त्रात रूढ असलेल्या हिशेबाने त्या दिवसापासून २८० दिवस मोजले, म्हणजे नऊ महिने सात दिवस पुढे गेले, की १२ ऑक्टोबर २०२६, सोमवार, ही अपेक्षित तारीख येते. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीने ती पक्की केली आहे असे समजू. ही तारीख म्हणजे केवळ एक अंदाज आहे. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बालके शंभरांत चार-पाचच निघतात, आणि सदतिसावा आठवडा पुरा झाल्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत केव्हाही झालेली प्रसूती सर्वसाधारणपणे स्वाभाविक समजली जाते.

येथे एक गफलत नेहमी होते. आठव्या-नवव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी होते, आणि गर्भाच्या मापांवरून यंत्र स्वतःच एक नवी तारीख छापून देते; ती पूर्वीच्या तारखेहून आठ-दहा दिवस पुढे किंवा मागे असू शकते, कारण त्या वयात बालकांच्या आकारांत मुळातच तफावत असते. तो अहवाल कोणी कचेरीत नेऊन दिला की दप्तरात दोन तारखा होतात, खुलासा मागविला जातो आणि मंजुरी रेंगाळते. पहिल्या तिमाहीच्या तपासणीवरून डॉक्टरांनी एकदा ठरविलेली तारीख उत्तरकाळच्या मापांवरून सहसा बदलावयाची नसते, म्हणून अर्जात आणि दाखल्यात एकच तारीख राहील, आणि दाखल्यावर ती डॉक्टरांच्या सहीने असेल, एवढे पाहिले म्हणजे पुरे. सोनोग्राफीचे अहवाल मनुष्यबळ विभागास देण्याची गरजच नाही. त्यात कचेरीने वाचण्यासारखे काही नसते.

सव्वीस आठवड्यांपैकी अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. आपल्या प्रकरणात ही मर्यादा १७ ऑगस्टला येते, आणि त्या दिवसापासून रजा घेतली तर ती १४ फेब्रुवारी २०२७ ला संपते. कामावर परतण्याच्या वेळी मूल अठरा आठवड्यांचे असेल. त्याऐवजी बाई प्रसूतीच्या चार आठवडे आधी, म्हणजे सोमवार, १४ सप्टेंबरपासून जातात असे धरले तर सव्वीस आठवडे रविवार, १४ मार्च २०२७ ला पुरे होतात, सोमवार, १५ मार्चला रुजू होता येते, आणि मूल बावीस आठवड्यांचे झालेले असते. आधी किती आणि नंतर किती, ही निवड स्त्रीची आहे. प्रवास लांबचा असला, रक्तदाब वाढलेला असला, काम उभ्याचे असले तर आधीचे आठवडे अधिक घ्यावेत हे उघड आहे. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, आणि त्यांत रविवार व सुट्ट्या येतात. रविवारचा पगार द्यावयाचा की नाही हा वाद कोइमतूरकडील मळ्यांतील स्त्रियांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि १९७७ साली निर्णय झाला की आठवडा म्हणजे पुरे सात दिवस, मोजणीतही आणि वेतनातही.

आता प्रसूती ठरल्या तारखेस झाली नाही तर काय? मूल दहा दिवस उशिरा, २२ ऑक्टोबरला जन्मले, तर आधीच्या बाजूची रजा दहा दिवसांनी लांबली आणि नंतरची तेवढीच आटली; परतण्याची तारीख तीच राहिली, कारण मुदत रजेच्या पहिल्या दिवसापासून धावते आणि आठ आठवड्यांची मर्यादा अपेक्षित तारखेला बांधलेली आहे, प्रत्यक्ष तारखेला नव्हे. उलट मूल ५ सप्टेंबरलाच जन्माला आले, तर रजा त्याच दिवसापासून सुरू होते, १८२ दिवस ५ मार्च २०२७ ला पुरे होतात आणि रुजू होण्याची तारीख सोमवार, ८ मार्चवर येते. अकाली प्रसूतीमुळे किंवा प्रसूतीजन्य आजारामुळे दाखल्याच्या आधारे आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते, ती या हिशेबाच्या बाहेरची. आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर स्त्रीने स्वखुषीने म्हटले तरी तिला कामावर घेण्यास मालकाला मनाई आहे. ‘लवकर हजर होईन’ या आश्वासनाला तेवढ्या काळापुरता कायद्यातच आधार नाही.

म्हणून अर्जातील तारखांचे वाक्य असे असावे की, त्यात अंदाज अंदाज म्हणूनच दिसेल आणि तो चुकल्यास काय व्हावयाचे तेही तेथेच लिहिलेले असेल. आपल्या प्रकरणातील लेखापालबाईंनी ते पुढीलप्रमाणे लिहावे : “माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १२ ऑक्टोबर २०२६ ही असून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी १४ सप्टेंबर २०२६ पासून सव्वीस आठवड्यांच्या प्रसूती रजेवर जात आहे. त्यापूर्वीच प्रसूती झाल्यास रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू झाली असे समजावे. तशी सूचना मी किंवा माझ्या वतीने माझे पती देतील. मला हयात अपत्य नाही. रजेच्या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. प्रसूती लाभाची रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी, आणि मला ती स्वीकारणे शक्य न झाल्यास माझ्या पतींना द्यावी.” यापलीकडे हक्काच्या भागात काही लिहावयाचे नाही. हा अर्ज जूनच्या मध्यास द्यावा, असा माझा सल्ला राहील. कायद्याने कोणतीही किमान मुदत घातलेली नाही, पण तीन महिन्यांचा अवकाश कचेरीला मिळाला तर बदलीचा माणूस शोधण्यास सवड राहते, आणि पाचव्या महिन्याची महत्त्वाची तपासणीही तोवर पार पडलेली असते. पोच सहीनिशी किंवा ई-मेलने घेऊन ठेवावी. कायद्याप्रमाणे प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत द्यावयाची असते. बहुतेक कचेऱ्या नेहमीसारखा दरमहा पगार चालू ठेवतात आणि बहुतेक स्त्रियांना तेच सोयीचे पडते. मात्र राज्य विम्याखालील स्त्रीला विम्याच्या शाखेकडे स्वतंत्र दावा करावा लागतो. तिने केवळ कचेरीत अर्ज देऊन स्वस्थ बसू नये.

कामाच्या सोपवणुकीचा भाग याहून निराळ्या जातीचा आहे. तो हक्काची अट नाही. तो सहकाऱ्यांविषयीच्या आस्थेचा आणि स्वतःच्या कामावरील प्रेमाचा भाग आहे, आणि म्हणूनच तो अर्जाच्या पोटात न घालता स्वतंत्र टिपणात द्यावा असे मी आग्रहाने म्हणतो. दोन्ही एकाच कागदावर आले म्हणजे ‘सोपवणूक पुरी झाली नाही, सबब रजा तूर्त मंजूर करता येत नाही’ असा शेरा मारण्यास वाट मिळते, आणि हा शेरा पूर्णपणे बेकायदेशीर असूनही सातव्या-आठव्या महिन्यात त्याच्याशी झगडण्याचे बळ कोणात असते?

लेखा विभागाच्या कामाला महिन्याचे एक चक्र असते : ७ तारखेस कापलेल्या आयकराचा भरणा, ११ तारखेस वस्तू व सेवा कराचे विक्रीचे विवरण, १५ ला भविष्यनिर्वाह निधी, २० ला वस्तू व सेवा कराचे एकूण विवरण व भरणा. या चक्राची सोपवणूक यादी देऊन होत नाही. दुसऱ्या माणसाला ते एकदा पाहावे लागते, एकदा बाईंच्या देखरेखीखाली स्वतः करावे लागते आणि एकदा बाई त्याच इमारतीत असताना पण त्यांना न विचारता पुरे करावे लागते. म्हणजे तीन महिने हवेत. रजा १४ सप्टेंबरला सुरू होणार असेल तर जुलैमध्ये जूनचा हिशेब बदलीच्या माणसाने पाहावा, ऑगस्टमध्ये जुलैचा हिशेब त्याने करावा आणि सप्टेंबरच्या पहिल्या अकरा दिवसांत ऑगस्टच्या हिशेबाची सुरुवात त्याने एकट्याने करावी. बाईंना अचानक पंधरा दिवस आधी जावे लागले तर बुडणारी फेरी ही तिसरी असेल, पहिल्या दोन झालेल्या असतील. सोपवणुकीची तारीख रजेच्या तारखेच्या बरीच आधी आणून ठेवण्याचे इंगित यात आहे.

टिपणात नेहमीच्या कामांपेक्षा अपवादांना जागा द्यावी. कोणता पुरवठादार आपली विवरणे उशिरा भरतो आणि त्यामुळे कारखान्याला मिळणारी कराची वजावट अडकते, कोणत्या ग्राहकाची देयके नेहमी विवाद्य असतात, बँकेतील कोणत्या हमीची मुदत डिसेंबरात संपते, मागील वर्षाच्या लेखापरीक्षणातील कोणत्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यावयाचे आहे, या गोष्टी कोणत्याही पुस्तिकेत नसतात, त्या माणसाच्या डोक्यात असतात, आणि माणूस गेला की त्यांच्यापायी फोन सुरू होतात. अधिकारांची बाब तर त्याहून नाजूक. बाईंच्या नावाची डिजिटल सही, संकेतशब्द, बँकेतील मंजुरीचा अधिकार हे ‘तात्पुरते वापरा’ म्हणून कोणाच्या हाती देणे हा सोयीचा पण घातक प्रघात अनेक कचेऱ्यांत आहे. रजेवर असलेल्या व्यक्तीच्या सहीने विवरण दाखल झाले आणि त्यात चूक निघाली तर जबाबदारी तिच्यावर येते. आणि ती रजेत काम करीत होती असाही अर्थ त्यातून कोणी काढू शकतो. त्यासाठी करखात्याच्या पोर्टलवर दुसरा अधिकृत स्वाक्षरीकार नेमणे, बँकेत संचालक मंडळाच्या ठरावाने सहीचा अधिकार बदलणे, या गोष्टी ऑगस्टपूर्वी उरकल्या पाहिजेत, कारण बँकेचे काम आठवड्यात होत नाही.

फोनवर उपलब्ध राहण्याचे आश्वासन देऊ नये, याचे कारण येथेच सांगणे योग्य. भत्त्याच्या काळात एखाद्या स्त्रीने कोणत्याही आस्थापनेत काम केले तर तेवढ्या काळापुरता भत्त्यावरील हक्क ती गमावते, अशी तरतूद आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देणे आणि रोज दोन तास संगणकावर बसणे यांत अंतर आहे, हे खरे. परंतु पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाट फार उताराची आहे, आणि जिने लेखी कबुली दिली आहे तिला ती मधेच थांबविणे कठीण जाते. टिपणाच्या शेवटी ‘१४ सप्टेंबरनंतर या कामांविषयी अमुक यांच्याशी संपर्क साधावा’ एवढे एकच वाक्य असावे आणि त्यात स्वतःचा क्रमांक नसावा.

वडिलांच्या रजेचा प्रश्न याला लागूनच येतो, परंतु त्याचा पाया निराळा आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला, दोनहून कमी अपत्ये हयात असल्यास, पंधरा दिवसांची पितृत्व रजा असून ती प्रसूतीच्या आधी पंधरा दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते, न घेतल्यास ती रद्द होते. खाजगी नोकरीतील पुरुषाला मात्र देशात कोणत्याही कायद्याने हा हक्क नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते, त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. परिणामी खाजगी नोकरीतील पित्याचा अर्ज हा खरोखरीच विनंतीचा अर्ज असतो आणि तो संस्थेच्या नियमपुस्तिकेच्या कलमावर उभा करावा लागतो. त्याने ठरावीक तारीख मागण्याची चूक करू नये. ‘१२ ऑक्टोबरपासून दहा दिवस’ असे लिहिले आणि मूल १ ऑक्टोबरला झाले तर पुन्हा सारी खटपट आली, त्यापेक्षा ‘प्रसूतीच्या दिवसापासून, तो दिवस २१ सप्टेंबर ते २६ ऑक्टोबर यांच्या दरम्यान येण्याचा संभव आहे’ असे लिहावे, आणि २१ सप्टेंबरपासून आपले काम रोज संध्याकाळी दुसऱ्यास उचलता येईल अशा स्थितीत ठेवावे. त्याला तीन महिन्यांच्या सोपवणुकीची गरज नसते. एक सहकारी आणि एक पानभर टिपण पुरते. या रजेचा कायदा नसणे हे स्त्रियांच्याच विरुद्ध जाते, कारण मालकाच्या हिशेबात मूल होण्याचा खर्च तोवर एकट्या स्त्री उमेदवाराच्याच नावावर पडत राहतो.

शेवटी परतण्याच्या इराद्याविषयी. कायद्याने हा इरादा व्यक्त करणे बंधनकारक केलेले नाही, आणि परतणे ही लाभाची अटही नाही. तरीही तो लिहावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे. तारीख कागदावर असली म्हणजे बदलीचा माणूस त्या मुदतीपुरताच हंगामी नेमला जातो, आणि जागा तिची आहे ही गोष्ट दप्तरात नोंदली जाते. आपल्या प्रकरणात तर १५ मार्च ही आर्थिक वर्षअखेरीच्या तोंडावरची तारीख आहे, आणि ती कळल्याने विभागप्रमुख वार्षिक हिशेबाची आखणी तिला धरूनच करतील. वाक्य मात्र इराद्याचेच असावे, हमीचे नव्हे : “सोमवार, १५ मार्च २०२७ रोजी माझ्या सध्याच्या हुद्द्यावर रुजू होण्याचा माझा इरादा आहे. प्रसूतीच्या प्रत्यक्ष तारखेमुळे अथवा वैद्यकीय कारणाने यात बदल झाल्यास लेखी कळवीन.” ‘सध्याच्या हुद्द्यावर’ हे शब्द जाणूनबुजून घातले आहेत. रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा नोकरीच्या अटी स्त्रीच्या तोट्याच्या होतील अशा तऱ्हेने बदलणे बेकायदेशीर आहे. आणि प्रत्यक्षात नोकरी जाण्यापेक्षा हा दुसरा प्रकारच अधिक घडतो. पगार तोच राहतो, पण परत आलेल्या बाईंच्या टेबलावर महत्त्वाचे काम येत नाही, वार्षिक मूल्यमापनात सहा महिन्यांची गैरहजेरी न बोलता मोजली जाते. आपला पूर्वीचा हुद्दा आणि कामाची व्याप्ती सोपवणुकीच्या टिपणात तपशिलाने लिहिलेली असेल तर या सूक्ष्म अन्यायाविरुद्ध दाखविण्यास निदान एक कागद हाती राहतो.

काही संस्था रजेच्या बदल्यात, परतल्यावर वर्षभर नोकरी न सोडण्याचा करार किंवा सोडल्यास पगार परत करण्याची लेखी हमी मागतात. कायद्याशी विसंगत असलेला कोणताही करार या लाभाला बाध आणू शकत नाही. अशा कागदावर सही न करता, आपला अर्ज कायद्याखालील सूचना म्हणून दाखल करून घ्यावा एवढेच सभ्यपणे लिहून द्यावे. वेळ कठीण असते आणि नाही म्हणणे सोपे नसते, हे मी जाणतो. पण दडपणाखाली सही केलेल्या स्त्रियांनी पुढे स्वतःचाच पगार फेडला, असे होऊ नये.

परतण्याची वाट खरी अडते ती मुलापाशी. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असली पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे. कामाचे स्वरूप तसे असल्यास, रजा संपल्यावर काही काळ घरून काम करण्याची मुभाही उभयतांच्या संमतीने मिळू शकते. वार्षिक हिशेब घरून करता येतो की नाही हे विभागप्रमुखांशी फेब्रुवारीतच बोलून ठरवावे, कारण १५ मार्चच्या सकाळी ही चर्चा सुरू झाली तर तिचा निकाल मार्च संपेपर्यंत लागावयाचा नाही. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, म्हणजे १२ ऑक्टोबरला जन्मलेल्या बालकासाठी जानेवारी २०२८ पर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज स्तनपानासाठी रोज दोन वेळा सुटी मिळावयास हवी. हे तीन मुद्दे, म्हणजे पाळणाघरात नाव नोंदविणे, घरून कामाची चौकशी आणि स्तनपानाच्या दोन सुट्यांच्या वेळा, रुजू होण्यापूर्वी महिनाभर आधी पाठवावयाच्या एका छोट्या पत्रात लिहावेत, आणि त्या पत्राची प्रत, मूळ अर्जाप्रमाणेच, पोचेसह आपल्याजवळ ठेवावी.